वहीतल्या चार ओळी आणि कोपऱ्यातली ‘चाल’

प्रश्न : माझ्या आजीच्या माहेरून, सांगलीहून, आलेल्या जुन्या गाण्यांच्या वहीतले एक सुटे पान साताऱ्याला आमच्या घरी सापडले. शाईने चार ओळी लिहिल्या आहेत आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीने ‘चा० मुतिमत भिति उ’ असे काहीतरी खरडले आहे. ओळी अशा : ‘आज काय दीन दशा माउलीस ये अशी / चूल थंड, माग बंद, (येथे कसर लागली आहे)रे उभी कशी / ऊठ ऊठ, सोड सोड, वेड हे विलायती / देशि सूत, देशि माग, हीच आपुली गती’. शेवटी ‘जाग० ॥२॥’ असे आहे. मी सगळ्या ओळी नेटवर टाकून पाहिल्या, ‘मुक्तिमत’ नावाचे गाणेही शोधले, पण काहीच मिळाले नाही. हे गाणे कोणते आणि कोणाचे?

उत्तर : आपण पानावरचे सर्व जसेच्या तसे उतरवून दिले, शेवटचे शून्य आणि आकडासुद्धा सोडला नाही, हे फार बरे केले, कारण या पानाची किल्ली बरीचशी त्या दोन खुणांतच आहे. मी सांगलीत गेली पुष्कळ वर्षे भजनी मंडळांना आणि हौशी नाटकमंडळींना पेटीची साथ करतो आणि त्या निमित्ताने लोकांच्या घरातल्या अशा वह्या चाळत आलो आहे. त्या अनुभवातून पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, आपण एका गाण्याचा शोध घेत आहात, परंतु या पानावर गाणी दोन आहेत. ‘चा०’ म्हणजे ‘चाल’, आणि चालीपुढे लिहिलेले शब्द हे खालच्या गाण्याचे नाव कधीच नसते. ज्या दुसऱ्या, सर्वांना पाठ असलेल्या गाण्याच्या सुरावटीवर खालचे शब्द म्हणायचे, त्या गाण्याचे ते पहिले दोनतीन शब्द असतात. स्वरलेखन कोणाला येत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. माहेरवाशिणीला एवढी खूण पुरत असे.

आता ते खरडलेले शब्द वाचू. ‘मुतिमत भिति उ’ हे अक्षर मोडी वळणाच्या हाताचे दिसते, किंवा मोडी शिकलेल्या माणसाकडून बालबोध शिकलेल्या हाताचे. मोडीत लिहिताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द तोडून लिहिण्याची शिस्तही नव्हती, आणि घाईच्या लिहिण्यात अनुस्वार व रफार हमखास गळत. म्हणून असे शब्द वाचताना मी तीन गोष्टी परत घालून पाहतो : प्रत्येक इकार-उकार दीर्घ करून, प्रत्येक अक्षरावर अनुस्वार देऊन आणि मग रफार देऊन. ‘मुतिमत’ला ‘मू’ दीर्घ, ‘ति’वर रफार आणि ‘म’वर अनुस्वार दिला की ‘मूर्तिमंत’ होते. ‘भिति’चे ‘भीति’ होते. आणि उरलेला ‘उ’ हा ‘उभी’चा पहिला पाय ठरतो. ‘मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली’ हे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातले पद आहे. नाटक १८९९ सालचे, आणि देवल तर सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरचे. तेव्हा सांगलीच्या माहेरवहीत त्यांचे पद चालीची खूण म्हणून येणे यात नवल काहीच नाही. आपण वाचलेले ‘मुक्तिमत’ चुकीचे ठरण्याचे साधे कारण असे की, चालीची खूण ही नेहमी सर्वश्रुत गाण्याची असते. जे गाणे शोधूनही सापडत नाही ते खूण म्हणून कोणी लिहीत नाही.

तथापि नुसत्या अक्षरांवरून लावलेल्या वाचनावर मी विसंबत नाही, ते मात्रांनी तपासतो. ऱ्हस्व स्वराच्या अक्षराची एक मात्रा, दीर्घ स्वराच्या किंवा अनुस्वार असलेल्या अक्षराच्या दोन; जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तर त्याच्याही दोन. देवलांची ओळ मोजा : ‘मूर्तिमंत’ सहा, ‘भीति उभी’ सहा, ‘मजसमोर’ सहा आणि ‘राहिली’ पाच, म्हणजे एकूण तेवीस, आणि मधला थांबा बारा मात्रांवर. आता आपली पहिली ओळ : ‘आज काय’ सहा, ‘दीन दशा’ सहा, ‘माउलीस’ सहा, ‘ये अशी’ पाच. तेवीस, आणि थांबा बारावरच. तिसरी आणि चौथी ओळही तशाच भरतात. टेबलावर बोटांनी सहाच्या ठेक्यावर मोजलेत तरी हे लगेच हाताला लागेल; एखादी ओळ अडली तर ती उतरवताना अक्षर गळले आहे, असे समजून पान पुन्हा पाहावे.

पण एवढ्यावर निकाल देणे धोक्याचे असते. सहा-सहा-सहा-पाच या मापाच्या ओळी मराठीत विपुल आहेत. गुरू आणि लघू आळीपाळीने येणारे चामर नावाचे जुने अक्षरवृत्तही नेमके तेवीस मात्रांचेच आहे, आणि आपल्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या ओळी बव्हंशी त्याच चालीने डुलत जातात. तेव्हा माप जुळले म्हणून चाल जुळली असे होत नाही. माप न जुळले तर मात्र चाल नक्की चुकली असे म्हणता येते. म्हणून मी मात्रांच्या आत डोकावून लघुगुरूंचा क्रम पाहतो. देवलांच्या ओळीत दुसरा गट ‘भीति उभी’ हा गुरु-लघु-लघु-गुरू असा वळतो. चामराच्या नियमाने तो गुरु-लघु-गुरु-लघू व्हायला हवा होता. आपल्या पहिल्या ओळीत नेमक्या त्याच जागी ‘दीन दशा’ आहे, आणि तोही गुरु-लघु-लघु-गुरूच वळला आहे. बाकीच्या ओळींत हे वळण नाही. ज्याने हे पद रचले त्याच्या कानात ओळ रचताना देवलांची ओळ वाजत होती, असे मानायला हा एक बरा पुरावा आहे. एकच आहे, त्यामुळे मी त्याला पुरावा म्हणतो, सिद्धी म्हणत नाही.

हे वळण मी इतके का घासून पाहिले, त्याला कारण आहे. आपण म्हणता की ओळी शाईने आहेत आणि चालीची खूण पेन्सिलीने. हा फरक लहान नाही. चालीची खूण ओळींबरोबरच, त्याच टाकाने लिहिलेली असेल तर पद त्या चालीवर रचले गेले, म्हणजे ते १८९९ नंतरचेच, असे म्हणता येते. खूण मागाहून, दुसऱ्या हाताने केलेली असेल, तर शक्य आहे की मूळ चाल कोणाला येत नव्हती आणि वहीच्या मालकिणीने आपल्याला येत असलेली, मापात बसणारी चाल लावून घेतली. मग १८९९ हे साल पेन्सिलीच्या खुणेला लागू होते, शाईच्या ओळींना नाही. बायकांच्या वह्यांत हे सर्रास घडलेले मी पाहिले आहे. एकाच पदावर दोन निरनिराळ्या चाली खोडून लिहिलेल्या आढळतात. आपल्या पानापुरते ‘दीन दशा’चे ते वळण आणि ओळींतला मजकूर हे दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मला पेन्सिलीची खूण खरी वाटते.

मजकुराचे म्हणाल तर ‘वेड हे विलायती’ आणि ‘देशि सूत, देशि माग’ हा सरळ स्वदेशीचा सूर आहे. १९०५ मध्ये वंगभंगानंतर परदेशी कापडावर बहिष्काराची चळवळ महाराष्ट्रात पसरली, त्याच वर्षी पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, आणि त्या वाऱ्यात अशी पदे गावोगाव रचली गेली. याच ओळींत चरखा किंवा खादी हा शब्द असता तर मी त्यांना १९२० च्या आसपास किंवा त्यानंतर आणून बसवले असते. तो नाही, पण चारच ओळी हाती असताना नसलेल्या शब्दावर फार भार टाकू नये. तो पुढच्या कडव्यात असू शकतो. म्हणून १९०५ नंतरचे, इतकेच धरून चालू.

आता आपली दुसरी ओळ. कसरीने खाल्लेल्या जागेचे माप मात्रांवरून काढता येते : ‘चूल थंड’ सहा, ‘माग बंद’ सहा, मग भोक, मग ‘रे उ’ या तीन मात्रा आणि शेवटी ‘भी कशी’ पाच. तिसरा गट सहाचा हवा, म्हणजे भोकात तीन मात्रा गेल्या आहेत. ‘लेक’ घातले तर ‘लेकरे उभी कशी’ होते आणि ते चपखल बसते. परंतु ‘पाखरे’ आणि ‘वासरे’ यांचेही माप तंतोतंत तेच आहे. मात्रा रिकाम्या जागेची रुंदी सांगतात, शब्द सांगत नाहीत. शब्द अर्थावरून निवडावा लागतो. थंड चूल आणि बंद माग यांच्याजवळ लेकरेच उभी राहतील हे उघड आहे, तरी वहीत भरताना तो शब्द चौकटी कंसात लिहावा आणि पेन्सिलीनेच लिहावा. मी एकदा असाच एक शब्द शाईने भरला, आणि दोन वर्षांनी त्याच पदाची दुसरी प्रत मिळाली तेव्हा तेथे निराळाच शब्द निघाला. माझी शाई मात्र लोकांनी तोवर मूळ म्हणून उतरवून घेतली होती.

आता मुख्य प्रश्न, की ओळी नेटवर टाकून काही का मिळाले नाही. याचे उत्तर ‘जाग० ॥२॥’मध्ये आहे. दोनचा आकडा सांगतो की हे पदाचे दुसरे कडवे आहे. पहिले कडवे आणि ध्रुपद आधीच्या पानावर होते आणि ते पान गेले. ‘जाग०’ हा ओळीतला शब्द नव्हे. कडवे संपल्यावर ध्रुपद पुन्हा म्हणायचे, याची ती सूचना आहे. सबंध ध्रुपद दरवेळी लिहिण्यात कागद जाई, म्हणून त्याचा पहिला शब्द किंवा पहिली दोन अक्षरे लिहून पुढे शून्य देत. म्हणजे आपल्याकडे नसलेल्या ध्रुपदाचा आरंभ आपल्याकडे आहे : ते ‘जाग’ या अक्षरांनी सुरू होते. ‘जाग जाग’, ‘जागा हो’, ‘जागृत’ यांपैकी काहीही असेल. पदांच्या छापील पुस्तकांना शेवटी जी अकारविल्हे सूची असते ती पहिल्या ओळीवरूनच लावलेली असते, आणि नेटवर कोणी असे पद चढवले असेल तर बहुधा ध्रुपदच चढवलेले असते. आपण दुसऱ्या कडव्याच्या ओळी शोधत होतात. त्या सूचीत सापडणे शक्यच नव्हते. शोध आता ‘ज’खाली करायचा.

शोधताना लेखनाच्या दोन पद्धती लक्षात ठेवाव्यात. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम झाले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कसें’, ‘तूं’ असे छापलेले असते आणि ‘गति’, ‘भीति’ असे शेवटचे इकार ऱ्हस्व असतात. नेटवर शोधताना ज्या शब्दांना अनुस्वार किंवा अंत्य इकार यांचा उपद्रव नाही असे शब्द निवडावेत. ‘देशि सूत’मधला ‘देशि’ मापासाठी ऱ्हस्व केला आहे, तो कोणी ‘देशी’ही छापलेला असेल, त्यापेक्षा ‘चूल थंड माग बंद’ हे चार शब्द जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींत एकच राहतात.

पाहायच्या पुस्तकांबद्दल : नाटकांच्या पुस्तकांत वेळ घालवू नये. हे नाटकातले पद नाही, नाटकाच्या चालीवरचे पद आहे. अशी पदे गणेशोत्सवातल्या मेळ्यांसाठी आणि प्रभातफेऱ्यांसाठी रचली जात आणि पुष्कळदा पातळ पुस्तिकांतून छापली जात. त्या पुस्तिका ग्रंथालयांत ‘नाटक’ किंवा ‘काव्य’ या विभागात नसतात. ‘मेळ्याची पदे’, ‘पदसंग्रह’ किंवा नुसते ‘किरकोळ’ असे लिहिलेल्या गठ्ठ्यांत पडलेल्या असतात. सांगलीची आणि साताऱ्याची जुनी वाचनालये दोन्ही पाहावीत. सांगलीकडच्या कागदांचे २०१९ च्या महापुरात नुकसान झाले आहे, त्यामुळे साताऱ्याला आपण राहता हे या कामी सोयीचेच ठरेल.

परंतु ग्रंथालयात जाण्याआधी घरातच एक गोष्ट करून पाहावी. गेलेले पान आपल्या पानासमोर वर्षानुवर्षे दाबून राहिले असेल तर त्याची शाई आपल्या पानावर फिकट, उलटी उमटलेली असते. पान खिडकीशी, उजेड बाजूने तिरका पडेल असे धरावे, मोबाइलने फोटो काढावा आणि तो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा करून, पाहावा. रंग काढून तो काळापांढरा केला आणि गडदपणा वाढवला तर शिरोरेषा आधी दिसू लागतात, मग दंड आणि आकडे. पूर्ण ओळ वाचता येईल अशी आशा धरू नये; पण ‘॥ध्रु०॥’ ही खूण कोठे आहे हे कळले तरी तिच्या अलीकडची पाचसात अक्षरे तेवढी घासून पाहता येतात, आणि त्यांचा आरंभ ‘जाग’ हवा हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. उरलेली वही अजून असेल तर ती मध्ये उघडून दोऱ्याच्या दोन्ही बाजूंची पाने मोजावीत. शिवलेल्या वहीत एका बाजूचे पान गेले की दुसऱ्या बाजूचे जोडपान एकटे उरते, आणि त्यावरून नेमकी किती पाने गेली हे कळते. एक किंवा दोन गेली असतील तर ध्रुपद त्यांतच होते. जास्त गेली असतील तर हे पान मुळात कोठले, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

जाता जाता इतर खुणांविषयी दोन शब्द, कारण वहीतली बाकीची पाने पाहताना आपण अडाल. चालीपुढे ‘दिंडी’, ‘साकी’, ‘आर्या’ किंवा ‘अभंग’ असे असेल तर ते गाण्याचे नाव नसून छंदाचे आहे आणि शेकडो गाण्यांना सारखेच लागू पडते. त्यावरून गाणे ओळखता येत नाही. ‘चा० स०’ असे असेल तर तो ‘चाल सदर’चा संक्षेप, म्हणजे वरच्याच पदाची चाल. तो ‘स’ गाण्याचे पहिले अक्षर समजून ‘स’ने सुरू होणाऱ्या नाट्यपदांच्या याद्या करण्यात मी माझ्या उमेदीच्या काळात एक उन्हाळा घालवला आहे, तेव्हा ही चूक मला आतून ठाऊक आहे. आणखी एक : देवलांच्या पदांनासुद्धा त्यांच्या आधीच्या गाण्यांच्या चाली आहेत, कारण त्या काळच्या संगीत नाटकांत पद रचण्याची तीच रीत होती. म्हणून आपल्या वहीत हीच चाल आणखी कोठे एखाद्या जुन्या भजनाच्या नावाने आली असेल तर गोंधळू नये. सुरावट एकच, तिचे नाव मात्र ज्याला जे गाणे पाठ त्याप्रमाणे बदलते.

राहिला कर्ता. अशा पदांत कर्त्याची खूण असण्याचा संभव शेवटच्या कडव्यातच असतो, जेथे जुन्या रीतीने कवी आपले नाव किंवा ‘दास’, ‘सुत’, ‘बाळ’ असा काही शब्द गुंफतो. आपल्याकडे दुसरे कडवे आहे आणि त्याखाली समाप्तीची खूण नाही, म्हणजे पुढे निदान तिसरे कडवे होते. कागदाच्या मागच्या बाजूला ते सुरू होते का, हे आपण लिहिलेले नाही. मागची बाजू कोरी असेल तर लिहिणारीने पद तेथेच सोडले. तिथे लिहिलेले असेल तर पहिल्यांदा तीच बाजू मला पाठवा. पुढच्या बाजूचा फोटोही पाठवावा, पण कोपऱ्यातली पेन्सिल नीट दिसेल असा, कारण ‘ति’वर रफाराचा पुसट तिरका फरकाटा दिसला तर माझे ‘मूर्तिमंत’ हे वाचन पक्के होईल.

आणि आजीच्या पिढीतल्या कोणी बाई सांगलीत असतील तर त्यांच्याकडे जाताना ओळी वाचून दाखवू नका. ओळी वाचल्या की त्या ‘नाही बाई ऐकले’ म्हणतात आणि विषय संपतो. आधी नुसती चाल म्हणा किंवा पेटीवर वाजवून दाखवा, आणि मग ‘जाग’ एवढाच शब्द द्या. हरिपूरच्या एका आजींकडे मी असेच दुसरे एक पद घेऊन गेलो होतो. शब्द विचारले तेव्हा त्यांना काही आठवेना, पण पेटीवर चाल सुरू केली तेव्हा भाजी निवडता निवडता त्यांनी ध्रुपदाची सबंध ओळ म्हटली, आणि मग स्वतःच थांबून विचारले, हे मला कसे येते?